नोंदणी आंब्याची, जोखीम कुणाची?

जानेवारीच्या मध्याला आमच्या गटाची आगाऊ नोंदणीची जाहिरात निघते, तेव्हा विकायला आंबा नसतो. कलमांवर मोहोर असतो, काही फांद्यांवर वाटाण्याएवढी कणी धरलेली असते आणि समुद्राकडच्या कातळावरच्या एखाद्या बागेत सुपारीएवढ्या कैऱ्या दिसतात. एवढ्या भांडवलावर आम्ही देवगड तालुक्यातले काही बागायतदार पुण्या-मुंबईच्या घरांकडून हापूसचे पैसे मागतो. मागणं धाडसाचंच आहे. म्हणून जाहिरातीचा मजकूर लिहिताना, आणि ते काम माझ्याकडे असतं, प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारतो: हे बिघडलं तर भुर्दंड कुणी सोसायचा? ज्या ओळीतून याचं उत्तर मिळत नाही ती ओळ नुसती शोभेची. आंब्याच्या जाहिरातींत अशा शोभेच्या ओळींचीच गर्दी असते, त्यामुळे आमची जाहिरात जरा रुक्ष आणि लांबलचक वाटते.

पैसे आधी का लागतात, ते प्रथम सांगतो. मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात, भुरी येते. फवारण्या चुकवून चालत नाही. पुढे राखणदार, काढणीचे गडी, खोके, गाडी. हा सगळा खर्च फळ हाती येण्याआधीचा. पूर्वीपासून, आणि आजही बऱ्याच बागांत, ही रक्कम दलालाकडून उचल म्हणून येते. उचल घेतली की आंबा त्याच्याच गाळ्यावर जातो आणि काय दर मिळाला ते नंतर पट्टी आल्यावर कळतं. आगाऊ नोंदणीत उचलीची जागा ग्राहकाचे पैसे घेतात. म्हणजे नोंदणी करणारं घर नुसतं गिऱ्हाईक नसतं, ते तीन महिन्यांसाठी आमचं सावकार असतं. सावकाराला पैशाचं काय केलं ते सांगावं लागतं. आम्ही सांगतो: किमतीच्या तीस टक्के आगाऊ घेऊ, त्यातला निम्मा भाग बागेवर खर्च होईल, निम्मा गटाच्या बँक खात्यात राहील. पैसे गटाच्या नावाच्या खात्यातच घेतो, कुणाच्या वैयक्तिक खात्यात नाही, आणि पावतीवर नोंदणीचा क्रमांक, प्रत आणि टप्पा लिहिलेला असतो.

नोंदणी किती घ्यायची, हा त्याहून मोठा प्रश्न. समजा, गटाची मोहोरलेली कलमं तीनशे आहेत आणि जानेवारीत बघून कलमामागे सरासरी दहा डझनांचा अंदाज आहे. म्हणजे तीन हजार डझन. यातला सगळा आंबा घरपोच खोक्यात घालण्याजोगा नसतो. डागी फळ असतं, बारीक असतं, वाऱ्याने पडलेलं असतं. निम्मा धरा, दीड हजार. आता त्या दीड हजारांची नोंदणी घेतली तर झाडावर एवढीतेवढी गळ झाली तरी आम्ही खोटे पडणार. म्हणून नऊशेवर थांबायचं. कुठल्याही गटाला फोन करून दोनच गोष्टी विचारा: अंदाज किती आणि नोंदणी किती घेणार? दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ जायला लागला की समजावं, की गळीची जोखीम न सांगता तुमच्या गळ्यात घातली आहे.

आता वेळेविषयी. जाहिरातीत आम्ही तारीख देत नाही, टप्पा देतो, आणि नेमकं हेच लोकांना आवडत नाही. हापूस एका दमात मोहोरत नाही. पावसाळा संपून जमीन सुकली, थंडी पडली की नोव्हेंबर-डिसेंबरात पहिला मोहोर येतो. मग डिसेंबरअखेर ते जानेवारी दुसरा आणि फेब्रुवारीत तिसरा. मोहोरापासून आंबा काढणीला यायला साधारण साडेतीन ते चार महिने लागतात. त्यामुळे पहिल्या मोहोराचा आंबा मार्च ते एप्रिलच्या सुरुवातीला, दुसऱ्याचा एप्रिलअखेर ते मेच्या पूर्वार्धात आणि तिसऱ्याचा मेअखेरीस, पावसाशी शर्यत लावत. एकाच कलमाच्या दोन फांद्या वेगवेगळ्या टप्प्यांत असू शकतात. म्हणून आम्ही लिहितो: ‘दुसरा टप्पा, अंदाजे २० एप्रिल ते १० मे, नक्की दिवस काढणीच्या चार दिवस आधी कळवू.’

जानेवारीतला हा अंदाज पुढे दोन-तीन कारणांनी हलतो. थंडी लांबली तर फळं धरलेल्या फांदीवरच पुन्हा मोहोर येतो. याला आम्ही पुनर्मोहोर म्हणतो. झाडाची ताकद नव्या मोहोराकडे वळते आणि आधीची कोवळी फळं गळून जातात. पाहणाऱ्याला झाड फुललेलं दिसतं, बागायतदाराच्या पोटात मात्र गोळा येतो. मार्चमध्ये एकाएकी कडाका वाढला तरी गळ होते आणि उन्हाच्या बाजूच्या फळांवर चट्टे पडतात. मोहोरावर अवकाळी पाऊस पडला तर करपा येतो. यांतलं काहीही घडलं तर फळ कमी होतं किंवा टप्पा मागेपुढे सरकतो, आणि ही जोखीम सर्वस्वी आमची आहे. टप्पा संपून दहा दिवस झाले आणि आंबा पाठवला नाही, तर ग्राहकाने न मागता आगाऊ रक्कम परत, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं.

सगळ्यांत जास्त आग्रह होतो तो अक्षय्य तृतीयेच्या आंब्याचा. तिथी पंचांगाप्रमाणे सरकते, कधी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येते तर कधी मेच्या मध्यावर. मोहोर थंडीप्रमाणे सरकतो. दोघांची गाठ दर वर्षी नीट पडतेच असं नाही. तृतीया लवकर असली की ती पहिला टप्पा सरताना आणि दुसरा सुरू होण्याआधीच्या फटीत सापडते. त्या फटीत तयार नसलेला आंबा उतरवायचा मोह होतो. असा कोवळा आंबा अढीत घातला की सुरकुततो, रंग आला तरी गोडी येत नाही. म्हणून सणाच्या दिवसाची हमी आम्ही देत नाही, आणि देणाऱ्याला तो आंबा कुठल्या मोहोराचा आहे ते विचारावं, असं आमचं मत आहे.

आंबा तयार झाला हे झाडावर कळतं. देठाजवळचे खांदे भरून देठाच्या वर येतात, गर्द हिरवा रंग थोडा फिका पडतो. शंका असेल तर साधी परीक्षा आहे: फळ पाण्याच्या बादलीत टाकायचं. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. हीच परीक्षा घरी आलेल्या कच्च्या आंब्यावरही करता येते. खोक्यातली चार-पाच फळं पाण्यात सोडा. एकजात तरंगली तर फळ घाईने उतरवलं आहे असं समजा.

आता प्रत. ‘डझन एक हजार रुपये’ एवढंच लिहिलेल्या जाहिरातीला अर्थ नाही, कारण डझन हे संख्येचं माप आहे आणि आंबा खाल्ला जातो वजनाने. २०० ग्रॅमचे बारा आंबे म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम, ३०० ग्रॅमचे बारा म्हणजे ३ किलो ६०० ग्रॅम. डझन तेच, आंबा दीडपट. लाकडी पेटीच्या काळात हे उलट बाजूने सांगितलं जायचं: चार डझनी पेटी, पाच डझनी, सात डझनी. पेटी तेवढीच, मग जितके कमी डझन तितकं फळ मोठं. व्यापाऱ्याला ही भाषा कळे, घरातल्या माणसाला कळत नसे. आम्ही तीन प्रती ठेवतो आणि त्या ग्रॅममध्ये लिहितो: २०० ते २५०, २५० ते ३०० आणि ३०० च्या वर.

त्याखाली एक बारीक वाटणारी पण भांडणं वाचवणारी ओळ असते: ‘वजन काढणीनंतरच्या कच्च्या फळाचं.’ आंबा पिकताना त्यातलं पाणी उडतं आणि आठवडा-दहा दिवसांत वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटतं. २६० ग्रॅमचा आंबा पिकल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर २३५ भरतो. ज्याला हे आधी सांगितलेलं नाही, त्याला आपण फसवले गेलो असं वाटणारच. वाटावं, त्यात त्याची चूक नाही.

प्रत हे वजन सांगते, फार तर सालीची स्वच्छता सांगते. चव सांगत नाही. एकाच कलमावरचा २२० ग्रॅमचा आंबा आणि ३२० ग्रॅमचा आंबा चवीला सारखेच असू शकतात. मोठ्या फळाचे जास्त पैसे पडतात ते दिसण्याचे, भेट द्यायला बरे म्हणून, आणि कोय-सालीच्या मानाने गर थोडा जास्त मिळतो म्हणून. घरी आमरसच करायचा असेल तर लहान प्रत घ्या, असं आम्ही लिहूनच टाकतो. गटातल्या एका काकांना हे अजून पटलेलं नाही. ते म्हणतात, ‘आपल्याच दुकानात उभं राहून स्वस्तातला माल घ्या म्हणणारे आपणच.’ पण आमरसवाली घरं पुढच्या वर्षी नोंदणीला पुन्हा येतात, त्यामुळे काका फार ताणत नाहीत.

मोठ्या फळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती म्हणजे साका. बाहेरून आंबा सुरेख, वास घमघमीत, आणि कापला की कोयीजवळचा गर फिकट, भुसभुशीत, आंबूस. हे हापूसचं खास दुखणं आहे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या संशोधनाने त्याचा संबंध कोयीतल्या बीच्या उगवण्याशी जोडला आहे. फळ झाडावरच असताना आतलं बी रुजण्याच्या तयारीला लागतं आणि त्यासाठी भोवतालच्या गरातून पाणी व अन्नद्रव्य खेचून घेतं. झाडावर जास्त पक्व झालेल्या फळात आणि मोठ्या फळात साका अधिक आढळतो. म्हणून आंबा पूर्ण पिकायची वाट न बघता पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास तयार असताना उतरवतात. उतरवल्यावर तो तापल्या जमिनीवर न टाकता लगेच सावलीत न्यायचा. एवढं करूनही साका पूर्ण टळत नाही, आणि न कापता बागेत तो ओळखण्याचा उपाय आमच्याकडे नाही. ‘साका नसल्याची शंभर टक्के हमी’ असं कुणी छापलं तर त्याने एक तर प्रत्येक आंबा कापून पाहिला आहे, नाहीतर काहीच पाहिलेलं नाही.

हमी देता येत नाही, पण भरपाई देता येते. तिथे मुदतीचा प्रश्न येतो. बऱ्याच जाहिरातींत शेवटी असतं: ‘तक्रार २४ तासांत करावी.’ ऐकायला रास्त वाटतं. पण आंबा हिरवा पोचतो आणि पिकायला सहा ते दहा दिवस लागतात. साका कळतो कापल्यावर. म्हणजे २४ तासांची अट ही तक्रारच येऊ नये म्हणून घातलेली अट आहे. आम्ही दोन मुदती ठेवल्या आहेत. वाटेत दबलेलं, फुटलेलं फळ असेल तर खोकं उघडल्याच्या दिवशी फोटो पाठवा. साका असेल तर पोचल्यापासून चौदा दिवस, कापलेल्या फळाचा फोटो, आणि जितकी फळं तितक्यांचे पैसे परत. बदली फळ देत नाही, कारण चार आंब्यांसाठी गाडीभाडं दोघांनाही परवडत नाही.

ग्राहकाच्या वाट्याची जोखीम एकच, ती पिकवण्याची. खोकं आलं की आंबे बाहेर काढून गवतावर किंवा कागदावर एका थरात, हवा लागेल असे मांडायचे. बंद खोक्यात ते घामेजतात आणि देठाकडून काळे पडतात. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नये, थंडीने त्याची पिकण्याची क्रियाच बिघडते. तयार पिकलेला आंबा हवा असेल तर आम्ही तसाही देतो, मात्र तो इथिलीन वायूच्या खोलीत पिकवलेला असतो आणि जाहिरातीत तसं लिहितो. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यावर आपल्याकडे बंदी आहे. इथिलीनला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ठराविक प्रमाणात परवानगी दिली आहे, कारण फळ पिकताना स्वतः हाच वायू सोडतं. ‘रसायनमुक्त’ हा शब्दही आम्ही वापरत नाही. फवारण्या केल्याशिवाय आमच्या मोहोराचं फळ होत नाही. शेवटची फवारणी कधी, कशाची आणि त्यानंतर किती दिवसांनी काढणी, ते विचारलंत तर वहीतून सांगतो.

आता एका नोंदणीचा हिशोब मांडून दाखवतो, म्हणजे अटींचा उपयोग कळेल. समजा, पुण्याच्या एका बाईंनी दुसऱ्या टप्प्यातले, २५० ते ३०० ग्रॅमचे पाच डझन नोंदवले. दर डझनाला १,००० रुपये, गाडीभाडं डझनाला १००. एकूण ५,५००. तीस टक्के म्हणजे १,६५० त्यांनी जानेवारीत भरले. मार्चमध्ये ऊन तापलं, गळ झाली, आणि एप्रिलच्या मध्यावर आम्ही सगळ्यांना कळवलं: या प्रतीतला आंबा नोंदणीच्या साठ टक्केच निघेल. तुटवडा आला तर वाटणी सगळ्यांना सारख्या प्रमाणात, हे जाहिरातीत आधीच होतं. बाईंच्या वाट्याला पाचापैकी तीन डझन. उरलेल्या दोनांसाठी पर्याय दोन: खालची प्रत ८०० रुपयांनी, नाहीतर त्या डझनांची रक्कम हिशोबातून वजा. त्यांनी एक डझन खालची घेतली, एक सोडली. मग आंब्याचे ३,८०० आणि चार डझनांचं भाडं ४००, असे ४,२००. त्यातून आगाऊ १,६५० वजा जाऊन बाकी २,५५०. ही बाकी खोकी भरल्याचा फोटो आणि गाडीचा दिवस कळवल्यावर, गाडी सुटण्याआधी घेतो. घरी पोचल्यावर घेणं ग्राहकाला जास्त सोयीचं, हे खरं. पण गाडीवाला आमचा नोकर नसतो आणि रोख सांभाळायची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. पुढे मोठ्या प्रतीतली तीन फळं साक्याची निघाली. हजार रुपये डझनातले तीन आंबे म्हणजे २५० रुपये, ते परत. बाईंना एकूण ३,९५० रुपये पडले.

इथे एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तुटवड्याच्या वर्षी बाजारात दर चढतो. नोंदणी हजाराने घेतलेली असते आणि वाशीच्या बाजारात त्याच आंब्याला त्या आठवड्यात दीड हजार मिळत असतात. अशा वेळी ‘पीक कमी आलं हो’ असं सांगून चांगला माल बाजारात पाठवणं सोपं असतं, कारण देवगडच्या बागेत काय निघालं ते पुण्यात कुणाला दिसणार? आगाऊ नोंदणी मोडते ती बहुतेक वेळा इथे, हवामानाने नव्हे. म्हणून एक अट आम्ही स्वतःवर घालून घेतली आहे: नोंदणीची खोकी पूर्ण होईपर्यंत त्या प्रतीचा आंबा गटातल्या कुणीही बाजारात पाठवायचा नाही. खोक्यावर बागेचा क्रमांक आणि काढणीची तारीख असते. शिवाय देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून प्रत्येक फळावर वेगळा क्रमांक असलेलं स्टिकर आणलं आहे, त्यावरून फळाचा माग काढता येतो. ‘हापूस’ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या आंब्याला. पण मानांकनाचं नाव छापलेल्या खोक्यात बाहेरचं फळ भरलं जातं, हे बाजारात फिरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. नावापेक्षा क्रमांकाला महत्त्व आलं ते त्यामुळे.

उलटा प्रसंगही येतो. मेमध्ये आवक वाढली की दर उतरतो, आणि हजाराने नोंदवलेला आंबा कोपऱ्यावर सातशेला दिसायला लागतो. काही घरं मग फोन उचलत नाहीत. तेव्हा ती तीस टक्के रक्कम आमच्या कामी येते. आंबा तयार असताना आणि टप्पा पाळलेला असताना ग्राहकाने नोंदणी सोडली, तर आगाऊ रक्कम परत मिळत नाही. ही ओळ आम्ही बारीक अक्षरात न छापता परताव्याच्या ओळीला लागूनच, तेवढ्याच अक्षरात छापतो. बाजार उतरला म्हणून दर कमी करा असं म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो, आणि चढला म्हणून वाढवूनही मागत नाही.

तिसऱ्या टप्प्याची नोंदणी आम्ही कमीच घेतो आणि २५ मेनंतर खोकी भरत नाही. वळवाच्या सरी सुरू झाल्या की फळमाशी वाढते, ओल्या फळावर बुरशी धरते, आणि खोक्यात चांगला दिसणारा आंबा चार दिवसांत काळा पडतो. त्या दिवसांत उरलेला आंबा किलोच्या दराने कॅनिंगवाल्यांकडे जातो. पावसात भिजलेल्या आंब्याचं खोकं कुणी ‘चालेल, पाठवा’ म्हणून मागितलं, तरी ते नोंदणीत धरत नाही. घ्यायचंच असेल तर बागेत येऊन, पाहून, किलोवर घ्यावं.